भागीदारीतून निवृत्त होत असल्याबाबत लेखी सूचना

सांगली
दिनांक : २० डिसेंबर २०२५

प्रति,
श्री. दिनकर माने व श्री. नितीन कुलकर्णी
भागीदार, मे. त्रिवेणी मसाला उद्योग, सांगली

विषय : ३१ मार्च २०२६ पासून भागीदारीतून निवृत्ती, भांडवलाचा हिशेब आणि पुढील देण्यांची जबाबदारी

दिनकरदादा आणि नितीन यांस,

सप्रेम नमस्कार. दिवाळीनंतर आपण बोललो त्याप्रमाणे हे पत्र देत आहे. सासूबाईंच्या आजारपणामुळे आम्हाला कायमचे नाशिकला जावे लागत आहे. तिथून गिरणीकडे लक्ष देणे मला शक्य नाही, आणि काम न करता नफ्यात वाटा घेणे मला पटत नाही. आपल्या भागीदारीला ठरावीक मुदत नाही. करारनाम्याच्या कलम १४ नुसार तीन महिन्यांची लेखी सूचना लागते, ती या पत्राने देत आहे. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ३२ प्रमाणे ३१ मार्च २०२६ रोजी कामकाज संपताच मी निवृत्त होईन. फर्म मोडू नये, तुम्ही दोघांनी ती चालवावी, अशीच माझी इच्छा आहे.

३१ मार्चला हळद, मिरची, तयार पूड आणि पॅकिंग साहित्याची शिल्लक तिघांनी मिळून मोजावी. मालाची किंमत खरेदीभाव किंवा त्या दिवशीचा बाजारभाव, यांत कमी असेल ती धरावी. पल्व्हरायझर आणि पॅकिंग मशीनची घसारा जाऊन वहीत राहिलेली किंमत मला मान्य आहे, वेगळे मूल्यांकन नको. मागील ताळेबंदानुसार माझे भांडवल ६,४०,००० रुपये आहे. त्यात यंदाच्या नफ्यातला माझा ३० टक्के वाटा मिळवून उचल वजा करावी. नावलौकिकापोटी करारात ठरल्याप्रमाणे तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ३० टक्के रक्कम द्यावी. सरासरी ५,२०,००० रुपये येते, म्हणजे माझे १,५६,००० रुपये होतात.

मशीन घेताना मी फर्मला दिलेले दीड लाखाचे कर्ज भांडवलात मिसळू नये. ते ९ टक्के व्याजासह १५ मेपर्यंत एकरकमी परत करावे. बाकीची रक्कम मात्र एकदम मागून मला हंगामात खेळते भांडवल तोडायचे नाही. त्यामुळे ती ३१ मे, ३१ ऑगस्ट आणि ३० नोव्हेंबर २०२६ अशा तीन समान हप्त्यांत द्यावी. हप्ता चुकल्यास थकलेल्या रकमेवर द.सा.द.शे. ६ टक्के व्याज धरावे. कोल्हापूरच्या दोन व्यापाऱ्यांकडील जुनी उधारी हिशेबात शून्य धरा. ती ३१ मार्च २०२७ पर्यंत वसूल झाली, तर माझा वाटा तेव्हा द्या.

आता देण्यांचे. निवृत्तीच्या दिवसापर्यंतची व्यापारी देणी, वीजबिल, जीएसटी आणि आयकर यांत ३० टक्के वाटा माझा आहे, तो मी नाकारत नाही. त्या काळाची करनोटीस नंतर आली, तरी तेवढा भार मी उचलेन. अट एवढीच की नोटीस आल्यापासून सात दिवसांत तिची प्रत मला मिळावी आणि उत्तर मला दाखवूनच जावे. तुमच्या दिरंगाईने लागलेला दंड किंवा विलंबशुल्क माझ्यावर येणार नाही. १ एप्रिलपासूनची सगळी देणी तुमची. त्यापायी कुणी माझ्याकडून वसुली केली, तर तुम्ही दोघांनी ती मला भरून द्यायची.

आपसांत हे ठरले तरी बाहेरच्यांना कळेपर्यंत कायदा मला भागीदारच धरतो. म्हणून रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे बदलाची नोंद आणि राजपत्रात व सांगलीतील एका मराठी दैनिकात जाहीर नोटीस एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात व्हावी. जीएसटीच्या आयुक्तांना माझ्या निवृत्तीची लेखी सूचना मी स्वतः देईन. ती एका महिन्यात गेली नाही, तर सूचना पोहोचेपर्यंतच्या कराची जबाबदारी माझ्यावर राहते. जीएसटी पोर्टल आणि अन्न परवान्यावरचे माझे नाव मात्र तुम्ही काढून घ्यावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बँक. १२ लाखांच्या कॅश क्रेडिटला माझी वैयक्तिक हमी आहे. ३१ मार्चपर्यंत बँकेकडून ती सुटल्याचे पत्र मला लेखी मिळाले पाहिजे. आधी बँकेचे पत्र, मगच निवृत्तीच्या दस्तावर माझी सही. यात मी सवलत देऊ शकत नाही. शिवाय १ एप्रिलनंतरच्या उचलीला माझी हमी लागू नाही, असे मी बँकेला वेगळे कळवत आहे.

गिरणीतल्या पाचही बायकांचा पगार, बोनस आणि रजेचे पैसे ३१ मार्चपर्यंत चुकते करावेत. शेवटच्या महिन्यात त्यांचे काही राहिले, तर माझ्या वाट्यातून आधी द्या. त्यांच्या हातांवर ही फर्म उभी आहे.

चेकवरील सही मी ३१ मार्चला बंद करेन. त्यानंतर तीन वर्षे सांगली जिल्ह्यात मसाल्याचा धंदा करणार नाही आणि फर्मचे नाव वापरणार नाही. माझ्या काळातल्या वह्या पाहण्याची मुभा मात्र मला असावी.

१० जानेवारीपर्यंत लेखी उत्तर द्यावे, म्हणजे वकिलांकडून निवृत्तीचा दस्त आणि तुमचा दोघांचा नवा करारनामा करून घेता येईल. एखादी रक्कम पटत नसेल तर आपल्या सीएंसमोर बसू.

आपली,
विजया शिंदे
भागीदार, मे. त्रिवेणी मसाला उद्योग

प्रत : फर्मचे सनदी लेखापाल