शनिवारचं पूर मॉडेलिंगचं सेशन आणि तुमच्याकडच्या जागेबद्दल

नमस्कार मॅडम,

मी मृण्मयी, बडोद्याहून लिहितेय. शनिवारचं तुमचं शहरातल्या पुराच्या मॉडेलिंगवरचं सेशन मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. प्रश्नोत्तरांच्या वेळी माझा नंबर यायच्या आत वेळ संपली, आणि खरं तर मला जे विचारायचं होतं ते दीडशे लोकांसमोर विचारण्यासारखं नव्हतंही, म्हणून इथे लिहितेय. आधीच सांगून टाकते, तुमच्या फर्ममध्ये हायड्रॉलिक मॉडेलिंगच्या टीममध्ये ज्युनिअर लेव्हलला सध्या किंवा पुढच्या दोन-तीन महिन्यांत जागा आहे का, हे विचारायला हा मेसेज आहे. मेसेज जरा मोठा झालाय, त्याबद्दल सॉरी, पण का विचारतेय ते नीट सांगितल्याशिवाय नुसता रिझ्युमे पाठवणं मला बरं वाटलं नाही.

मी एमएस युनिव्हर्सिटीतून सिव्हिल केलंय, तिथूनच वॉटर रिसोर्सेसमध्ये एमई. दीड वर्षापासून इथल्या एका छोट्या कन्सल्टन्सीत आहे, तिथे मुख्यतः स्टॉर्म वॉटर लाइनच्या लेआउट आणि एल-सेक्शनची ड्रॉइंग्ज करते. लोक चांगले आहेत, शिकायला मिळालं, पण तिथे मॉडेलिंगचं काम येतच नाही, रॅशनल मेथडने डिस्चार्ज काढायचा, पाइपचा साइज ठरवायचा आणि पुढे.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या कारेलीबागेतल्या घरात शिरलं. ओट्यापासून सव्वादोन फूट. आजीला आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेलं आणि दोन दिवस तिथेच होतो. तेव्हा सगळे एकच म्हणत होते की आजव्यातून पाणी सोडलं म्हणून झालं. मला ते अर्धंच पटत होतं, कारण आमच्या मागच्या गल्लीत पाणी नदीच्या बाजूने आलंच नाही, उलट्या बाजूने, कांसकडून आलं. (कांस म्हणजे इथे नैसर्गिक नाला.) तेव्हापासून हे डोक्यात आहे आणि सुट्टीच्या दिवशी मी हेक-रासमध्ये त्या भागाचं टू-डी मॉडेल बनवतेय.

पहिलं मॉडेल अगदीच वाईट होतं. टेरेन म्हणून ३० मीटरचा कोपर्निकस वापरला होता, त्यात घरं आणि झाडं जमिनीत धरलेली असतात आणि चार-पाच मीटर रुंदीची कांस तर दिसतच नाही, त्यामुळे पाणी रस्त्याच्या भरावाला अडून मागे तळं करत होतं आणि मला वाटत होतं की बघा, हेच तर झालं होतं. मग तुम्ही शनिवारी म्हणालात की मॉडेलमध्ये पाणी कुठे साचलेलं दिसलं तर पावसाला दोष द्यायच्या आधी तिथे जाऊन खाली मोरी आहे का ते बघा. मॅडम, मी रविवारी सकाळीच टेप घेऊन गेले. भरावाखाली दोन गाळ्यांची बॉक्स मोरी आहे, प्रत्येक गाळा साधारण दीड मीटर, एक जवळपास निम्मा गाळाने भरलेला. ती मॉडेलमध्ये घातली, एक गाळा अर्धा बंद ठेवून, तर भरावाच्या मागचं पाणी ४० सेंटिमीटरने खाली आलं आणि आमच्या गल्लीत वाढलं. भिंतीवरच्या खुणेशी आता १५ सेंटिमीटरचा फरक उरलाय, आधी अर्ध्या मीटरच्या वर होता. तुमच्या एका वाक्याने माझं दोन महिन्यांचं अडलेलं काम सुटलं, त्याबद्दल खरंच मनापासून थँक्यू.

खुणांचंही सांगते, कारण तुम्ही कॅलिब्रेशनवर खूप बोललात. मी आधी सेंटिनेल वनच्या रडार इमेजवर भिस्त ठेवली होती, पण तेव्हा त्यातला एकच उपग्रह चालू होता, एका ट्रॅकवरून पुन्हा यायला १२ दिवस, आणि शहरात पाणी आणि भिंत यांच्यामध्ये सिग्नल दोनदा आपटून परत येतो त्यामुळे पाणी काळं दिसायच्या ऐवजी उजळच दिसतं. मग मी आणि माझी मावसबहीण घरोघरी गेलो आणि लोकांना विचारलं की पाणी कुठपर्यंत होतं. ३१ खुणा मिळाल्या, त्यातल्या २४ भरवशाच्या. दांडिया बाजारातल्या ओळखीमुळे मराठी घरांत लगेच बसवून घेतलं, चहा झाला, गुजराती काकींनी तर शेजारच्या चार घरांना हाका मारून बोलावलं. नदीचे क्रॉस सेक्शन मात्र पुलांवरून वजन बांधलेला टेप सोडूनच घेता आले, मगरी असल्यामुळे पात्रात उतरायचा प्रश्नच नाही. मॅनिंगचा एन मी आधी सगळीकडे ०.०३५ धरला होता, आता जिथे काठावर गांडा बावळ दाट आहे तिथे ०.०६ केलाय. खालची बाउंड्री अजून कच्ची आहे, ढाढर नदी जिथे मिळते तिथपर्यंत मॉडेल न्यायला हवं असं तुमचं ऐकून वाटलं, कारण ढाढरही चढलेली असेल तर इथलं पाणी उतरायला वेळ लागणारच. ते मात्र माझ्या लॅपटॉपवर चालेल असं वाटत नाही.

हे सगळं लिहिण्याचं कारण एवढंच की मला हेच काम रोज करायचंय, आणि अशा लोकांबरोबर करायचंय जे मॉडेल बघून आधी साइटवर जा म्हणतात. तुम्ही नाशिकच्या कामाचं दाखवलं तेव्हा चुकलेली रनसुद्धा स्क्रीनवर ठेवली आणि का चुकली ते सांगितलं, ते मला फार आवडलं. आमच्याकडे चुकलेलं ड्रॉइंग कोणी दाखवत नाही, मीही नाही दाखवत.

काय येतं ते प्रामाणिकपणे सांगते. हेक-रास टू-डी आणि क्यूजीआयएस रोजच्या वापराइतकं येतं, पायथनमध्ये पावसाचा डेटा साफ करून ग्राफ काढण्याइतकं. एसडब्ल्यूएमएम फक्त एमईच्या एका असाइनमेंटमध्ये वापरलंय, त्यामुळे ते येतं असं म्हणणार नाही. टेंडर आणि बीओक्यूची सवय आहे, सर्व्हेवाल्यांबरोबर उन्हात उभं राहायचीही. मराठी, हिंदी, गुजराती तिन्ही नीट बोलता येतात, साइटवर त्याचा उपयोग होईल असं वाटतं.

पुण्याला शिफ्ट व्हायची तयारी आहे, घरी बोलून झालंय. नोटीस पीरियड एक महिन्याचा. पूर्ण जागा नसेल आणि सहा महिन्यांची ट्रेनी किंवा प्रोजेक्टपुरती पोझिशन असेल तरी मला चालेल, फक्त काम मॉडेलिंगचं असावं. पगाराचं तुमच्याकडे त्या लेव्हलला जे असेल त्यावर बोलता येईल, पुण्यात राहण्याचा खर्च निघायला हवा एवढंच.

तुम्ही स्वतः भरती बघत नसाल तर कोणाला लिहायचं एवढं सांगितलंत तरी पुरे. रिझ्युमे दोन पानांचा आहे आणि मॉडेलचा सहा पानांचा रिपोर्ट, त्यात खुणांचा नकाशा आणि मोरी घालण्याआधीचे आणि नंतरचे रिझल्ट शेजारी शेजारी आहेत. तुम्ही म्हणाल तर दोन्ही लगेच पाठवते. आणि जागा नसली तरी त्या रिपोर्टमधलं पान चार, बाउंड्रीचं, कधी वेळ मिळाला तर बघाल का? तिथे मी अडकलेय.

तुमची,
मृण्मयी
कारेलीबाग, बडोदा