चॅप्टर छोटा करताना काय गाळायचं

बसा बसा, मागच्या टेबलावरच्यांनी जरा पुढे या, तो कोपऱ्यातला पंखा बंद करा म्हणजे माझा आवाज पोचेल. दादांनी मला अर्धा तास दिलाय, मेसची वेळ व्हायच्या आत संपवते.

एमपीएससीच्या एसटीआय परीक्षेचा माझा रिझल्ट लागल्यापासून रोज कुणी ना कुणी येऊन विचारतं की ताई तुमच्या शॉर्ट नोट्स द्या ना झेरॉक्सला. मी देत नाही, आणि त्याचा कुणाला राग आला असेल तर आज कारण सांगते. माझ्या नोट्समध्ये जे लिहिलंय त्याच्यापेक्षा जे गाळलंय ते जास्त महत्त्वाचं आहे, आणि मी काय गाळलं हे माझ्या डोक्यात आधी काय पक्कं होतं त्याच्यावरून ठरलं. तुमच्या डोक्यात ते नसेल तर ते पान तुमच्यासाठी अर्धवटच राहणार.

आपण चॅप्टर छोटा करायला बसतो तेव्हा प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारतो, हे महत्त्वाचं आहे का? आणि पुस्तकात छापलंय म्हटल्यावर उत्तर येतं हो, महत्त्वाचंच असणार. मीही पहिलं वर्षभर हेच केलं. राज्यघटनेतला राष्ट्रपतींचा चॅप्टर बावीस पानांचा होता, माझ्या शॉर्ट नोट्स झाल्या चौदा पानं, म्हणजे मी नुसतं माझ्या अक्षरात पुस्तक परत लिहिलं होतं. प्रश्न बदलायला पाहिजे. ओळीवर बोट ठेवायचं आणि विचारायचं, ही ओळ मी गाळली तर उरलेल्यावरून मला ती परत उभी करता येईल का? येत असेल तर बिनधास्त गाळा, कितीही महत्त्वाची असू दे. येत नसेल तर ठेवा, मग ती अगदी फालतू का वाटेना.

आता तोच चॅप्टर घेऊ, तुमच्या सगळ्यांचा वाचून झालाय. आमदाराच्या मताचं मूल्य कसं काढतात ते पुस्तकात अर्धं पान उदाहरणासकट दिलंय. राज्याची 1971 ची लोकसंख्या घ्यायची, तिला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येनं भागायचं, परत हजारनं भागायचं. महाराष्ट्राची 5 कोटी 4 लाखांच्या वर लोकसंख्या, 288 आमदार, उत्तर येतं 175. हे 175 मी नोट्समध्ये ठेवलं नाही, उदाहरणही नाही, कारण सूत्र माझ्याकडे आहे, लोकसंख्या प्रश्नात दिली तर दोन मिनिटांत आकडा निघतो. पण 1971 ठेवलं. का? कारण 1971 कुठल्याच सूत्रातून निघत नाही, आणि डोकं आपोआप 2011 कडे धावतं, ऑप्शनमध्ये 2011 असणारच. म्हणजे अर्ध्या पानातून एक ओळ आणि त्या ओळीत एक साल, एवढंच.

वयाचंही तसंच. राष्ट्रपती 35, उपराष्ट्रपती 35, राज्यपाल 35, तीन चॅप्टरमध्ये तीनदा छापलंय, तीनदा कशाला लिहायचं, एकदा लिहा "तिघांनाही 35" आणि पुढचा फरक तेवढा ठेवा, की राष्ट्रपती व्हायला लोकसभेवर निवडून यायची पात्रता लागते आणि उपराष्ट्रपतीला राज्यसभेवर. वटहुकूमाचं पण बघा, कलम 123 राष्ट्रपतींचं, 213 राज्यपालांचं, ज्याला 123 नीट समजलंय त्यानं 213 च्या समोर "123 सारखंच" एवढं लिहून जिथे राज्यपालांचं वेगळं पडतं तेवढंच लिहावं. सारखं असेल ते गाळायचं, वेगळं असेल ते राहू द्यायचं, यानंच माझी निम्मी पानं कमी झाली.

आता माझी चूक सांगते, नीट ऐका, कारण इथे बसलेल्यातले निम्मे तरी हीच करणार आहेत. चौदा पानांना कंटाळून दुसऱ्या वर्षी मी दुसऱ्या टोकाला गेले, सगळा चॅप्टर दीड पानावर आणला. दिसायला इतकं सुंदर पान होतं, निळ्या पेननं बारीक अक्षर, बाण काढलेले. महाभियोगाच्या समोर मी लिहिलं होतं "14 दिवस नोटीस, 1/4 सह्या, 2/3 बहुमत". बास. बरोबर वाटतंय ना? त्या वर्षीच्या एका टेस्टला विधान आलं की राष्ट्रपतींवरच्या महाभियोगाचा ठराव हजर राहून मतदान करणाऱ्या सदस्यांच्या दोन तृतीयांश बहुमतानं मंजूर व्हावा लागतो, बरोबर की चूक. मी बरोबर म्हणून गोल भरून मोकळी झाले. घरी येऊन पुस्तक उघडलं तर तिथे शब्द होता "एकूण". सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश. तो एक शब्द मी जागा वाचवायला गाळला होता.

आणि तो शब्द कशावरूनच परत उभा राहत नाही, उलट बाकीचा सगळा अभ्यास तुम्हाला चुकीच्या बाजूला ढकलतो. कारण घटनादुरुस्तीला काय लागतं? एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश. सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांना काढायलाही तेच. मग डोकं म्हणतं राष्ट्रपतींनाही तेच असणार. नाही! राष्ट्रपतींचं तेवढं वेगळं आहे आणि त्या वेगळेपणाचा सगळा भार "एकूण" या तीन अक्षरांवर आहे. ते पान मी अजून जपून ठेवलंय, समासात लाल पेननं "एकूण" लिहून दोनदा गोल केलाय, पाहिजे त्यांनी नंतर येऊन बघा, ते एवढं एक पान मी दाखवेन.

तेव्हापासून मी काही शब्दांना हात लावत नाही. एकूण, हजर, किमान, फक्त, वगळून, निर्वाचित, सल्ल्याने, असे जे बारके शब्द असतात ना, ते आधी पेन्सिलनं गोल करून ठेवते आणि मगच बाकीच्या वाक्यावर कात्री चालवते. "निर्वाचित" चं बघा. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत संसदेचे आणि विधानसभांचे निर्वाचित सदस्य मतदान करतात, राष्ट्रपतींनी नेमलेल्यांना मत नाही. पण महाभियोगात संसदेचे नामनिर्देशित सदस्यही भाग घेतात आणि विधानसभांचा काही संबंधच नसतो. तुम्ही नोट्समध्ये नुसतं "संसद + विधानसभा" लिहिलं की हा सगळा फरक गेला, आणि आयोग बरोब्बर तिथेच प्रश्न टाकतो.

इतिहासात गाळायची रीत थोडी वेगळी पडते. समाजसुधारकांच्या चॅप्टरमध्ये प्रत्येकाचं बालपण, शिक्षण, कोणाचा प्रभाव, सगळं असतं आणि ते गाळताना जीवावर येतं कारण वाचायला छान वाटतं. मी ते वाचते, दोनदा वाचते, पण लिहीत नाही. लिहिते ती एक शिडी: 1867 प्रार्थना समाज मुंबई, 1870 सार्वजनिक सभा पुणे, 1873 सत्यशोधक समाज पुणे, 1875 आर्य समाज मुंबई. चार सालं एकाखाली एक आणि शेजारी शहर, कारण क्रम लावा असं आलं की ही चार एकमेकांत घुसतात आणि नंतरच्या दोघांत तर दोनच वर्षांचं अंतर आहे. पण भिडे वाड्यातली 1848 ची मुलींची शाळा माझ्या नोट्समध्ये कुठेच नाही. अहो मी चार वर्षं बुधवार पेठेतून ये-जा केलीये, ती जागा डोळ्यासमोर आहे, साल तिथे चिकटून बसलंय, ते विसरणं शक्य नाही. माझ्या शेजारी बसणारी मुलगी परभणीची, तिच्या पानावर मात्र 1848 पाहिजेच होतं आणि तिनं ठेवलं, तिचं बरोबर होतं. म्हणून म्हणते झेरॉक्स मागू नका.

भूगोलात नद्या असतील तर वाक्यं सगळीच गाळा आणि नकाशा काढा, त्याच्यावर मी जास्त बोलत नाही. मुळा-मुठेचा संगम पुण्यात, पुढे ती भीमेला, भीमा कृष्णेला, एक रेघ ओढली की चार ओळी वाचल्या.

आता कधी गाळायचं. पहिल्या वाचनात अजिबात नाही, प्लीज. पहिल्यांदा वाचताना सगळंच नवीन असतं त्यामुळे हायलायटर सगळीकडे फिरतो आणि पान पिवळंधमक होतं. दोन वाचनं होऊ द्या, मग मागच्या वर्षांचे त्या चॅप्टरवरचे प्रश्न पुस्तक मिटून सोडवा, आणि जे चुकलं ते पुस्तकात पेन्सिलनं खूण करा. तुम्ही जिथे चुकलात ती जागा गाळायची नाही, मग भले तुमच्या मित्राला ती सोपी वाटो. आणि तीन-तीन वेळा बरोबर आलेलं लिहायचं नाही, तिथे मन कितीही घट्ट धरून बसलं तरी. मला माहितीये ते अवघड जातं, येत असलेलं लिहायला बरं वाटतं, पान भरतं, दिवस कारणी लागला असं वाटतं, पण परीक्षेच्या आदल्या रात्री तेच पान तुमचा वेळ खातं आणि न येणारी ओळ त्या गर्दीत दिसतच नाही.

गाळून झालं की एक काम करायचं, मी आणि ती परभणीची मुलगी रोज रात्री चहाच्या आधी करायचो. माझं छोटं केलेलं पान मी तिच्या हातात द्यायचे आणि मी न बघता पूर्ण चॅप्टर बोलून दाखवायचे, पानावर नसलेलंसुद्धा. ती पुस्तक उघडं ठेवून बसायची. जिथे मी अडकले ते चुकीचं गाळलं, परत लिहायचं. आणि पानावर आहे पण मी न बघता घडाघडा बोलले, ते उगाच ठेवलं, खोडायचं. असं दोन-तीन रात्री केलं की पान आपोआप जागेवर येतं, माझं राष्ट्रपतींचं पान शेवटी पावणेतीन पानांवर थांबलं, दीडवर नाही. पानं किती व्हावीत हे आधी ठरवू नका, ते मी ठरवलं होतं म्हणून तर "एकूण" गेला.

तर आता जोड्या लावा, शेजारच्या टेबलावरचा चालेल, नवीन आलेत त्यांनी लाजू नका. उपराष्ट्रपतींचा चॅप्टर घ्या, लहान आहे, त्यांना पदावरून काढायची पद्धत राष्ट्रपतींपेक्षा कुठे कुठे वेगळी पडते ते आधी गोल करा आणि मग बाकीचं कापायला घ्या. रविवारी सकाळी आठला मी इथेच आहे, खोडलेलं पुस्तक आणि लिहिलेलं पान दोन्ही घेऊन या, मला तुम्ही काय लिहिलं त्याच्याआधी काय खोडलंय ते बघायचंय. चला, कुणाला काही विचारायचंय का, तो निळ्या शर्टातला केव्हाचा हात वर करून बसलाय, बोल रे.