असाइनमेंट २ : डेन्व्हर विमानतळाची सामान-हाताळणी यंत्रणा

प्रश्न. दिलेल्या केस स्टडीतील प्रकल्प का फसला याचे प्रकल्प व्यवस्थापनाच्या ज्ञानक्षेत्रांच्या आधारे विश्लेषण करा. किमान सहा क्षेत्रांचा विचार करा. अपयशाचे मूळ कोणत्या क्षेत्रात आहे ते ठरवा आणि प्रकल्प व्यवस्थापक म्हणून तुम्ही कोणता एक निर्णय वेगळा घेतला असता ते लिहा. (२० गुण)

उत्तर

पीएमबॉक या प्रकल्प व्यवस्थापनाच्या मार्गदर्शक ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीतली (२०१७) दहा ज्ञानक्षेत्रे मी आधारासाठी घेतली आहेत. सातव्या आवृत्तीत ही मांडणी बदलली, पण फसलेल्या प्रकल्पाची चिरफाड करायला जुनी दहा क्षेत्रे जास्त सोयीची वाटतात. दहाही क्षेत्रांना सारखी जागा दिलेली नाही, कारण या प्रकल्पात सगळी क्षेत्रे सारखी दोषी नाहीत.

थोडक्यात प्रकरण

डेन्व्हरच्या नव्या विमानतळाचे बांधकाम १९८९ मध्ये सुरू झाले. विमाने जिथे लागतात त्या तीन इमारती म्हणजे काँकोर्स, एक मुख्य टर्मिनल आणि त्यांना जोडणारे बोगदे अशी रचना होती. चेक-इन काउंटरवर दिलेली बॅग संगणकाच्या हुकमतीतल्या छोट्या गाड्यांतून, रुळांवरून थेट विमानापर्यंत जावी, अशी कल्पना होती. या गाड्यांना टेलिकार म्हणत. विमान उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंतचा वेळ ३० मिनिटांवर आणायचा, हा त्यामागचा हेतू. काम बीएई ऑटोमेटेड सिस्टिम्स या कंपनीकडे होते आणि कराराची रक्कम सुमारे १९ कोटी ३० लाख डॉलर होती.

विमानतळ ३१ ऑक्टोबर १९९३ ला सुरू व्हायचा होता. तारीख आधी डिसेंबरवर गेली, मग मार्च १९९४ वर, मग मेवर, आणि मेमध्ये तर नवी तारीख देणेच थांबले. प्रत्यक्षात विमानतळ २८ फेब्रुवारी १९९५ ला, १६ महिने उशिरा उघडला. तोवर ट्रॅक्टर आणि ट्रॉल्यांची जुन्या पद्धतीची पर्यायी यंत्रणा ५ कोटी १० लाख डॉलर खर्चून उभी केलेली होती. स्वयंचलित यंत्रणा फक्त बी काँकोर्सवर, युनायटेड एअरलाइन्ससाठी आणि तीही बाहेर जाणाऱ्या सामानापुरती चालली. २००५ मध्ये युनायटेडने तीही बंद केली, कारण तिच्या देखभालीलाच महिन्याला सुमारे १० लाख डॉलर लागत होते.

व्याप्ती

मूळ आराखड्यात संपूर्ण विमानतळासाठी एकच यंत्रणा नव्हती. ज्या त्या विमान कंपनीने आपल्या सामानाची सोय आपण करावी, असे गृहीत होते. युनायटेडने बीएईला आपल्या काँकोर्सचे काम दिले. इतर कंपन्या काहीच हालचाल करत नाहीत हे लक्षात आल्यावर विमानतळ प्रशासनाने तीच कल्पना सगळ्या विमानतळावर ताणली. एका काँकोर्ससाठी विचार केलेले काम तीन काँकोर्सवर नेणे म्हणजे तिप्पट काम, असे वरवर वाटते. पण रुळांची वळणे, फाटे आणि रिकाम्या गाड्यांची वाटणी यांची गुंतागुंत तितक्याच पटीने वाढत नाही, ती त्याहून फार वेगाने वाढते. व्याप्तीतली खरी चूक ही आहे.

बीएईने काम घेतानाच अट घातली होती की ठरावीक तारखांनंतर आराखड्यात बदल होणार नाहीत. बदल झालेच. युनायटेडने पैसे वाचवण्यासाठी आपल्या काँकोर्समधल्या रुळांच्या दोन लूपपैकी एक काढायला लावला. कॉन्टिनेंटल या विमान कंपनीला स्कीसारख्या लांबट सामानाची वेगळी सोय हवी होती. यातली एकही मागणी अवाजवी नाही, आणि म्हणूनच ‘नाही’ म्हणणे अवघड गेले असावे. बदल-नियंत्रणाची खरी कसोटी वाजवी मागणीच्या वेळीच लागते.

वेळापत्रक

इथे तारीख आधी ठरली आणि कामाचा अंदाज नंतर बसवला गेला. करार १९९२ मध्ये झाला, म्हणजे उद्घाटनाला दोन वर्षेही उरली नव्हती. विमानतळाने निविदा मागवल्या तेव्हा आलेल्या तिन्ही प्रस्तावांपैकी एकातही वेळेत काम पुरे होण्याची खात्री नव्हती. खुद्द बीएईने निविदा भरलीच नव्हती, तिला नंतर पाचारण केले गेले. तिन्ही प्रस्ताव ‘जमणार नाही’ म्हणत असताना निविदा न भरलेल्या चौथ्याला गाठायचे, याला वेळापत्रक आखणे म्हणता येणार नाही.

इमारत आधीच उभी राहत होती, हाही वेळापत्रकाचाच भाग. रुळांना जागा मिळाली ती इमारतीने सोडलेली, त्यामुळे अरुंद बोगदे आणि काटकोनी वळणे वाट्याला आली. अशा वळणांवर गाड्या रुळावरून घसरत. ही तांत्रिक चूक दिसते, पण तिचा उगम कामांच्या क्रमात आहे : यंत्रणेचा आराखडा आधी आणि इमारतीचा नंतर, किंवा निदान दोन्ही एकत्र व्हायला हवे होते.

खर्च

करारातल्या रकमेपेक्षा उशिराचा खर्च जास्त बोलका आहे. उघडायला उशीर झाल्याने शहराला दिवसाला सुमारे ११ लाख डॉलरचा भुर्दंड बसत होता. ठरलेल्या तारखेपासून प्रत्यक्ष उद्घाटनापर्यंत ४८५ दिवस होतात. साधा गुणाकार केला तर आकडा ५३ कोटी डॉलरच्या पुढे जातो.

हाच दर वापरून मी आणखी दोन हिशेब केले. बीएईच्या कराराची संपूर्ण रक्कम उशिराच्या १७६ दिवसांत, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, गिळली गेली. आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची पर्यायी यंत्रणा? ती ४७ दिवसांच्या उशिराइतकी होती. दीड महिन्याच्या उशिराच्या किमतीत जी सोय झाली असती, तिच्यावाचून विमानतळ १६ महिने अडून राहिला. एरवी खर्चाच्या चर्चेत ‘बजेट इतक्या टक्क्यांनी ओलांडले’ एवढेच लिहिले जाते. या प्रकल्पात खरी गफलत बजेट ओलांडण्यात नाही, उशिराची किंमत आधी न मांडण्यात आहे. ती मांडली असती तर पर्यायी यंत्रणेवरचा खर्च स्वस्त विमा वाटला असता.

गुणवत्ता

एप्रिल १९९४ मध्ये पत्रकारांसमोर प्रात्यक्षिक झाले. गाड्या एकमेकींवर आदळल्या, बॅगा चेपल्या, फाटल्या आणि आतले कपडे रुळांवर विखुरले. ही दृश्ये टीव्हीवर गेली. प्रकल्पाबद्दल बोलताना लोक आजही याच प्रसंगापासून सुरुवात करतात, पण विश्लेषणासाठी मला त्यामागचे किरकोळ वाटणारे दोष महत्त्वाचे वाटतात. बॅगेवरचा बारकोड नीट छापलेला नसला की लेझर स्कॅनरला तो वाचता येत नसे आणि बॅग भलत्या मार्गाला लागे. वीजपुरवठ्यातल्या चढउतारांनी मोटारी बंद पडत. सगळ्यात चिवट प्रश्न रिकाम्या गाड्यांचा : एका बाजूला सामानाची गर्दी झाली की रिकाम्या गाड्या तिकडे धावत आणि दुसऱ्या टोकाला बॅगा गाडीची वाट पाहत पडून राहत. एकट्या रुळावर, एकट्या गाडीवर केलेल्या चाचणीत हा दोष दिसतच नाही. तो पूर्ण भाराखालीच दिसतो, आणि पूर्ण भाराची चाचणी घ्यायला वेळ नव्हता.

जोखीम

या क्षेत्रात मला सर्वात जास्त आश्चर्य वाटले, कारण जोखीम कोणाला कळली नाही असे इथे झालेच नाही. १९९० मध्ये सल्लागारांच्या अभ्यासाने एवढी मोठी यंत्रणा व्यवहार्य नसल्याचे सांगितले होते. म्युनिकची यंत्रणा याहून साधी, तरी विमानतळ खुला होण्याआधी ती सहा महिने अहोरात्र चालवून पाहिली होती. हा अनुभव डेन्व्हरच्या कानांवर पोचला होता. म्हणजे जोखीम ओळखण्याची पायरी पार पडली, प्रतिसादाची पायरीच गायब राहिली. ‘हे झाले नाही तर आपण काय करणार’ या प्रश्नाचे उत्तर १९९४ च्या उन्हाळ्यापर्यंत कोणाकडेही नव्हते.

खरेदी, संसाधने, हितसंबंधी

ही तीन क्षेत्रे मी एकत्र घेतो. विमान कंपन्यांशी जुळवणी करून देणारा माणूसच प्रकल्पाला पुरेसा भक्कम मिळाला नाही. ऑक्टोबर १९९२ मध्ये विमानतळाच्या मुख्य अभियंत्यांचे निधन झाले आणि यंत्रणेच्या बाजूने उभा राहणारा वरिष्ठ गेला. त्यांच्या जागी आलेल्यांना तसे अधिकार नव्हते. बीएईला बांधकामाच्या जागी अग्रक्रमाने प्रवेश मिळेल असे ठरले होते. प्रत्यक्षात इतर कंत्राटदारांशी रोजची ओढाताण चाले. पुढे शहराने बीएईला उशिराबद्दल रोज १२,००० डॉलर दंड लावला. दिवसाला ११ लाख जात असताना १२,००० चा दंड कोणाला हलवणार? नाते बिघडले, इतकेच. आणि ज्या कॉन्टिनेंटलच्या मागण्यांनी आराखडा बदलला, तिने १९९४ मध्ये डेन्व्हरमधला आपला हबच गुंडाळला.

मूळ कोठे आहे

वरचे दोष वेगवेगळ्या क्षेत्रांत दिसले तरी त्यांना जोडणारा धागा समन्वयाचा, म्हणजे एकात्मीकरणाचा आहे. इमारत एका प्रकल्पात, सामानाची यंत्रणा दुसऱ्यात, विमान कंपन्यांच्या मागण्या तिसऱ्या टेबलावर. तिघांचे परिणाम एकत्र पाहून ‘हा बदल घेतला तर तारीख जाईल’ असे सांगण्याचा अधिकार कोणा एकाकडे नव्हता. सल्लागारांचा इशारा वाचणारे होते, पण त्यावर निर्णय घेणारे पद नव्हते. म्हणून जोखीम व्यवस्थापनाला मूळ कारण म्हणणे मला पटत नाही, ते लक्षण आहे. तंत्रज्ञान नवे होते, हेही कारण अपुरे आहे. नवे तंत्रज्ञान लहान आकारात, पुरेशा वेळात करून बघता येते.

मी घेतला असता तो एक निर्णय

१९९२ मध्ये करार करतानाच मी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची यंत्रणा पहिल्या दिवसाची अधिकृत योजना ठरवली असती आणि स्वयंचलित यंत्रणा फक्त बी काँकोर्ससाठी घेतली असती. इतर दोन काँकोर्सचे काम करारात पर्याय म्हणून ठेवले असते. तो पर्याय उघडण्याची अट अशी : बी काँकोर्सने पूर्ण भाराखाली सलग ९० दिवस चालून दाखवायचे आणि त्या काळातली चुकीच्या ठिकाणी गेलेल्या बॅगांची रोजची नोंद दोन्ही बाजूंनी सही करून ठेवायची. या निर्णयाला युनायटेडचा विरोध झाला नसता, कारण तिला हवे तेवढे मिळत होते. विरोध झाला असता तो महापौर कार्यालयाकडून. ‘जगातली सर्वात आधुनिक यंत्रणा’ जाहीर करून झालेली असताना उद्घाटनाच्या दिवशी ट्रॅक्टर दाखवावे लागले असते. त्या बैठकीत मी वरच्या हिशेबातली एकच ओळ ठेवली असती : पर्यायी यंत्रणा, ४७ दिवस.