होम लोनची फाइल: १३ पैकी ८ डॉक्युमेंट्स वाचता येत नाहीयेत, कुठल्या आणि आता काय करायचं

नमस्कार दादा, वहिनींनाही हा मेल दाखवा कारण यातल्या तीन फाइल्स त्यांच्या आहेत.

काल रात्री तुम्ही लिंकवर टाकलेल्या १३ फाइल्स मी सकाळी एकेक उघडून बघितल्या. लिंकवर तुम्हाला सगळ्यांपुढे हिरवं अपलोडेड दिसत असेल पण त्याचा अर्थ फक्त फाइल आमच्याकडे पोचली एवढाच, ती आतून वाचता येते की नाही हे त्या हिरव्या टिकला कळत नाही. दोघांची पॅन कार्डं, तुमची मे आणि जुलैची सॅलरी स्लिप आणि धायरीच्या फ्लॅटच्या अ‍ॅग्रीमेंटचा ड्राफ्ट, या पाच ओके. (ड्राफ्टला बिल्डरने प्रिंट-कॉपीचं लॉक लावलंय, वाचता येतो पण बाकीच्या कागदांना जोडता येत नाही. ते आमचं आम्ही त्यांच्या ऑफिसशी बोलून घेतो, तुम्ही त्यात पडू नका.)

उरलेल्या आठांपैकी चार लॉक आहेत आणि चार खराब आहेत, आणि हे दोन वेगळे प्रकार आहेत एवढं आधी लक्षात घ्या, कारण लोक काय करतात की लॉक असलेली फाइल परत परत डाउनलोड करत बसतात आणि खराब फाइलला वेगवेगळे पासवर्ड टाकून बघतात, दोन्हीत नुसता वेळ जातो. लॉकवाली फाइल एकदम ठणठणीत असते, फक्त किल्ली हवी. खराब फाइलला किल्लीच नसते, ती परत आणावी लागते.

आधी लॉकवाल्या. दोघांची ई-आधार, तुमचं बँक स्टेटमेंट आणि तुमचं एआयएस.

ई-आधारचा पासवर्ड म्हणजे आधारवरच्या नावाची पहिली चार अक्षरं इंग्लिश कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्माचं साल, मध्ये स्पेस नाही. म्हणजे नाव SURESH आणि जन्म १९९० असेल तर `SURE1990`. नाव तीनच अक्षरी असेल तर तीनच, `RIA1990` असं. आता वहिनींच्या बाबतीत एक बघा, आपल्याकडे लग्नात नाव बदलतात आणि घरात, पॅनवर, लग्नपत्रिकेत सगळीकडे वेगवेगळं नाव चालू असतं, पण पासवर्डला आधारवर जे छापलंय तेच लागतं. पॅनवरच्या नावाने मी ट्राय केलं, उघडलं नाही, म्हणून ही शंका. आणि खरंच पॅन आणि आधारवर नाव वेगळं निघालं तर लगेच फोन करा, कारण मग पासवर्ड हा छोटा विषय राहील, बँक त्याच्यावर अडवेल.

एआयएस सोपं आहे, पॅन नंबर लहान अक्षरात आणि त्याला लागून जन्मतारीख, दिवस-महिना-साल. पॅन ABCDE1234F आणि जन्म ५ ऑगस्ट १९८६ असेल तर

```
abcde1234f05081986
```

इथे लोक पॅन कॅपिटलमध्ये टाकतात आणि फाइल खराब आहे म्हणून फोन करतात. खराब नाहीये.

बँक स्टेटमेंटचं मात्र प्रत्येक बँकेचं गणित वेगळं, कुठे कस्टमर आयडी, कुठे नावाची अक्षरं आणि जन्मतारीख. ज्या मेलमधून स्टेटमेंट आलं त्याच मेलमध्ये खाली बारीक अक्षरात पासवर्ड कसा बनवायचा ते लिहिलेलं असतं, ते वाचा, अंदाजाने नका करत बसू. आणि हे ठळक समजा: नेटबँकिंगचा पासवर्ड हा त्या पीडीएफचा पासवर्ड नसतो, तो आम्हाला चुकूनसुद्धा पाठवू नका, आमच्याकडून कोणी मागितला असं सांगत फोन आला तरी देऊ नका. आम्हाला फक्त ती एक फाइल उघडण्यापुरता पासवर्ड हवाय.

तो कसा द्यायचा, तर लिंकवर प्रत्येक फाइलच्या उजवीकडे फाइल पासवर्ड म्हणून एक छोटा रकाना आहे, तिथे टाइप करून सेव्ह करा, फाइल परत चढवायची गरज नाही. तिथे नको वाटलं तर ऑफिसच्या लँडलाइनवर फोन करून तोंडी सांगा, मी तुमच्यासमोरच उघडून बघते. फक्त फाइल आणि पासवर्ड दोन्ही एकाच व्हॉट्सअ‍ॅप चॅटमध्ये टाकू नका, तुमचा तो साल्यांसकट सगळ्यांना अ‍ॅड केलेला फ्लॅटचा ग्रुप आहे त्यात तर नकोच नको.

दुसरा मार्ग म्हणजे लॉक काढलेली कॉपी देणं. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये फाइल उघडा, पासवर्ड टाका, प्रिंटवर जा आणि प्रिंटरच्या जागी Save as PDF निवडा, नवीन फाइल बिनलॉकची होते. एआयएससाठी हे चालेल. बँक स्टेटमेंटसाठी आणि आधारसाठी कृपया नको, कारण असं केलं की त्यावरची डिजिटल सही निघून जाते, आणि वर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ती क्रोममधून बनवल्याची खूण राहते, Skia/PDF असं लिहिलेलं दिसतं. बँकेत फाइल तपासणारा माणूस ते बघतो आणि स्टेटमेंटमध्ये काहीतरी फेरफार केलाय का म्हणून शंका घेतो, मग तुम्ही कितीही सरळ असलात तरी आठवडा गेलाच. मूळ फाइल लॉकसकट आणि पासवर्ड वेगळा, हेच बरं.

आणि गुगलवर फ्री पीडीएफ अनलॉक म्हणून ज्या साइट्स येतात ना, त्यांच्यावर सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि आधार चढवायचं म्हणजे अनोळखी माणसाच्या हातात तिजोरी देऊन जरा कुलूप काढून द्या हो म्हणण्यासारखं आहे. नका करू.

आता खराब झालेल्या चार.

फॉर्म १६ ची झिप. उघडायला गेलं की `Unexpected end of archive` असं येतं, म्हणजे शेपूट तुटलंय. झिपमध्ये आत कुठली फाइल कुठे आहे याची यादी सगळ्यात शेवटी लिहिलेली असते, शेवटच आला नाही की आतलं असूनही सापडत नाही. आमच्याकडे आलेल्या फाइलची साइज बरोब्बर १०,४८,५७६ बाइट्स आहे, म्हणजे नेमकं १ एमबी, आणि असा गोल आकडा आला की समजायचं फाइल मध्येच कापली गेली, खऱ्या फाइल अशा गोल मापाच्या क्वचितच असतात. तुमच्याकडच्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये साइज बघा. तिथे जास्त असेल तर तुमची कॉपी चांगली आहे, फक्त नेट अडकल्याने अर्धी चढलीय, वायफायवरून परत टाका आणि पूर्ण होईपर्यंत स्क्रीन बंद करू नका. तुमच्याकडेही तेवढीच असेल तर डाउनलोडच अर्धं झालंय, मग कंपनीच्या पोर्टलवरून किंवा एचआरकडून परत घ्या. आणि शक्यतो झिप न करता आतल्या दोन पीडीएफ, पार्ट ए आणि पार्ट बी, सुट्ट्या टाका.

जूनची सॅलरी स्लिप गमतीशीर आहे. नाव `Payslip_Jun.pdf` आहे पण ती पीडीएफच नाहीये. मी नोटपॅडमध्ये उघडून बघितली, खऱ्या पीडीएफची सुरुवात अशी असते:

```
%PDF-1.7
```

आणि तुमच्या फाइलची अशी आहे:

```
<!DOCTYPE html>
```

म्हणजे एचआर पोर्टलवर तुम्ही लॉगिन करून बराच वेळ झाला असणार, सेशन संपलं आणि डाउनलोड दाबल्यावर स्लिपऐवजी लॉगिनचं पान सेव्ह झालं, नाव मात्र स्लिपचं. हिला रिपेअर वगैरे करण्यात अर्थ नाही कारण आत पगाराचा एक आकडाही नाही. लॉगआउट करून परत लॉगिन करा, लगेच जूनची स्लिप डाउनलोड करा, स्वतः उघडून बघा आणि मग टाका. पोर्टल नखरे करत असेल तर एचआरने मेलवर पाठवलेली पीडीएफसुद्धा चालेल.

वहिनींचं बँक स्टेटमेंट ० केबी आहे, नाव आलंय, आत काही नाही. मोबाइलवरून गुगल ड्राइव्हमधली फाइल थेट निवडली की कधीकधी असं होतं, ती फोनमध्ये उतरायच्या आतच अपलोड सुरू होतं. आधी ड्राइव्हमधून फोनवर डाउनलोड करा, उघडून शेवटच्या पानापर्यंत जा, मग फोनच्या डाउनलोड्समधून निवडा. हे स्टेटमेंटही लॉक असणार, तर पासवर्डचा रकाना तेव्हाच भरून टाका, नाहीतर परत माझा असाच मेल येईल.

शेवटचा तुमच्या जुन्या कार लोनच्या एनओसीचा फोटो. वरचा अर्धा दिसतो, लेटरहेड आणि तुमचं नाव नीट, आणि खाली सगळं राखाडी, नेमकं लोन अकाउंट नंबर आणि सही-शिक्का तिथेच आहे. खालचा डेटा फाइलमध्ये आलाच नाही त्यामुळे कुठल्या अ‍ॅपने तो परत येणार नाही. फोनच्या गॅलरीत पूर्ण दिसत असेल तर तोच परत टाका, व्हॉट्सअ‍ॅपने पाठवणार असाल तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून जोडा म्हणजे साइज कमी होत नाही. गॅलरीतही राखाडी असेल तर मूळ कागदाचा उजेडात नवीन फोटो काढा. कागदच सापडत नसेल तर ज्यांच्याकडून लोन होतं त्यांच्याकडे डुप्लिकेट एनओसी मागा, तोपर्यंत लोन खातं बंद झाल्याचं स्टेटमेंट असेल तर ते द्या, मी बँकेला विचारून बघते चालतंय का, शब्द देत नाही.

हे सगळं करायला कंटाळा आला किंवा जमलं नाही तर सरळ मूळ कागद आणि पेनड्राइव्ह घेऊन टिळक रोडच्या ऑफिसला या, सकाळी १० ते संध्याकाळी ७, स्कॅन आम्ही करून देतो, त्याचे पैसे नाहीत. दोघं आलात तर आधार नव्याने इथेच डाउनलोड करू, त्याला आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो म्हणून ते फोन बरोबर हवेत, वहिनींचा नंबर अजून माहेरच्या कोणाच्या नावावर असेल तर तो फोन ज्याच्याकडे आहे त्याला सांगून ठेवा. पण गणपतीच्या आत या, एकदा गणपती बसले की पेठांमध्ये गाडी आणायचं विसराच.

शुक्रवारी दुपारपर्यंत आलं तर सोमवारी फाइल बँकेत जाते. आठही एकदम जमवायची वाट बघू नका, जी तयार होईल ती टाकत जा, मी त्याच दिवशी उघडून बघून तुम्हाला मेसेज करते. आधी चार पासवर्ड भरा, ते दहा मिनिटांचं काम आहे आणि तेवढ्यात निम्मी यादी संपते. टाकलेल्या खराब फाइल्स लिंकवरून डिलीट करायची गरज नाही, त्या मी बाजूला केल्यात, नवीन चढवल्यावर जुनीच्या जागी बसेल.