वादळ येतंय म्हणे, पण पोरं कुणाची?

काय रे चेन्नई सुपर किंग्जच्या पिवळ्या मंडळींनो! "संध्याकाळी पिवळं वादळ येतंय, निळ्यांनी खिडक्या लावून घ्या" म्हणे! अहो, त्या वादळाला वारा कोण पुरवतं ते तरी बघा.

2023 च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर आम्हा मुंबई इंडियन्सला हरवलंत. मान्य. पण 27 चेंडूंत 61 कुणी कुटले? अजिंक्य रहाणेनं! पोरगा मुंबईच्या मैदानांवर घडला आणि आम्हालाच धुऊन गेला. 2024 ला पुन्हा तेच, शिवम दुबे नाबाद 66. तोही मुंबईचाच. 2018 च्या पहिल्याच सामन्यात ब्राव्होनं 30 चेंडूंत 68 ठोकून हातातला सामना हिसकावला, तर तोही आधी आमच्याच निळ्या जर्सीत खेळलेला. म्हणजे मुंबईला हरवायचं तर मुंबईचाच माणूस लागतो, हे तुमच्या संघानं केव्हाच ओळखलंय. चाहत्यांनीही एकदा मोठ्या मनानं म्हणून टाका की! (तुमच्या ऋतुराज गायकवाडला मी यात धरत नाही. पुण्याला मुंबईत मोजलं तर तुमच्याआधी पुणेकरच माझ्यावर धावून येतील.)

हां, 2024 च्या त्याच सामन्यातले धोनीचे ते तीन षटकार तुमचेच, त्यावर आमचा काही दावा नाही. 4 चेंडूंत 20 धावा, आणि सामनाही बरोबर 20 धावांनीच गेला. रोहितचं नाबाद शतक एकीकडे आणि ते चार चेंडू एकीकडे. त्या रात्री वानखेडेवर धोनी आत येताना जो आवाज झाला, त्यात निळे कपडे घातलेलेही होतेच. मीही ओरडलो असतो.

पण मग 2019 चा विषय निघाला की तुम्हा सगळ्यांना एकदम कामं कशी आठवतात? अंतिम सामना, शेवटचा चेंडू, हव्यात दोन धावा. मलिंगाचा तो संथ यॉर्कर, शार्दुल पायचीत, आणि एका धावेनं कप आमचा! गुडघ्यातून रक्त येत असताना वॉटसननं केलेल्या 80 धावांना मात्र माझा आजही मनापासून सलाम. हरलेल्या बाजूची इतकी जबरदस्त खेळी मी क्वचितच पाहिलीय.

2025 ला तर तुम्ही 17 वर्षांच्या आयुष म्हात्रेला थेट वानखेडेवरच उतरवलंत. 15 चेंडूंत 32! आम्ही टाळ्याही वाजवल्या आणि सामनाही 9 गडी राखून जिंकला. घरच्या पोराचं कौतुक आणि वर दोन गुण, दोन्ही एकाच रात्रीत.

तर आता पैज. आज तुम्ही जिंकलात तर पुढच्या सामन्यापर्यंत माझा फोटो पिवळा. आम्ही जिंकलो तर तुम्ही सगळे निळे. खिडक्या मी उघड्याच ठेवतोय, टॉसला हजर राहा!