शाळा सुटताना फाटकाबाहेर वाहनाचे इंजिन बंद ठेवण्याबाबत

सन्माननीय पालक,
सस्नेह नमस्कार.

मुलांना न्यायला येताना फाटकापाशी वाहन थांबवताच त्याचे इंजिन बंद करावे आणि मूल आत बसून निघण्याची तयारी होईपर्यंत ते पुन्हा सुरू करू नये, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मागच्या आठवड्यात सलग तीन दिवस शाळा सुटण्याच्या वेळी मी स्वतः फाटकाशी उभी होते. घंटा होण्याच्या वीस मिनिटे आधीपासून वाहनांची रांग लागते आणि त्यांतली निम्म्याहून अधिक चालूच असतात. पहिलीतली एक मुलगी बाहीने नाक झाकून आजोबांची वाट पाहत होती आणि समोरच्या गाडीचा सायलेन्सर तिच्या गुडघ्यांपासून जेमतेम हातभर अंतरावर धूर सोडत होता. आपण मोठी माणसे उंच असतो, शिवाय बहुधा काचा लावून आत बसलेली असतो. त्यामुळे तो धूर आपल्याला तितकासा जाणवत नाही.

या धुरात कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि फुप्फुसांत खोलवर जाणारे अतिसूक्ष्म कण असतात. मुलांची फुप्फुसे अजून वाढत असतात आणि वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्येच जाहीर केले आहे. दम्याचा त्रास असलेली आणि दप्तरात इनहेलर बाळगणारी मुले आपल्या शाळेतही आहेत, आणि त्यांची मला विशेष काळजी वाटते.

इंजिन पुन्हा सुरू करताना इंधन जास्त जळते, असे काही पालकांनी मला सांगितले. हा समज जुन्या गाड्यांच्या काळातला आहे. आताच्या गाडीला साधारण दहा सेकंदांहून जास्त थांबायचे असेल, तर ती बंद करण्यातच इंधन वाचते. उकाड्यामुळे एसी चालू ठेवावा लागतो, ही अडचण मात्र खरी आहे. त्यासाठी येत्या सोमवारपासून पटांगणाकडचे छोटे दार दुपारी उघडे राहील. गाडी उभी करून आपण आत झाडांखालच्या बाकांवर बसू शकाल. गाडीत आजारी व्यक्ती किंवा तान्हे बाळ असेल, तर रखवालदारांना तसे सांगावे. ते आपल्याला रांगेपासून दूर जागा करून देतील.

वाट पाहण्याचा वेळच कमी व्हावा म्हणून सोमवारपासून पहिली ते चौथीचे वर्ग दहा मिनिटे आधी सुटतील. शाळेच्या बसचालकांनाही हीच सूचना लेखी दिली आहे. मुलांना नेण्यासाठी आजी-आजोबा, शेजारी किंवा रिक्षावाले काका येत असतील, तर हे पत्र कृपया त्यांनाही वाचून दाखवावे.

कळावे.

आपली नम्र,
मुख्याध्यापिका