मिलिंदराव, एक एन्ट्री आमचीही!

(कार्डाची दर्शनी बाजू)

प्रति,
श्री. मिलिंदराव, अकाउंट्स विभाग,
पहिला मजला, खिडकीजवळचे टेबल, भोसरी.

विषय : वाढदिवसाच्या शुभेच्छा देणेबाबत.
संदर्भ : डबे खाताना झालेली तोंडी चर्चा.

महोदय,
वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की,
आज जरा हसून घ्यावे, उद्या जुळवू बाकी!
सोबत एक कार्ड आहे, त्यात आहे गाणे,
तपासणीअंती पोच द्यावी, सहीशिक्क्याने.

(आतली डावी बाजू)

कुणाचा वाढदिवस येतो श्रावणसरींसोबत,
कुणाचा येतो दिवाळीत, फटाके दारी वाजत;
तुमचाच तेवढा मुहूर्त असा, पाहा नशिबाची चाल,
एकतीस मार्च! ज्या दिवशी होतात अकाउंट्सचे हाल.

जुन्या शाळांच्या दाखल्यांत अर्धे गाव एक जूनला जन्मले,
गुरुजींच्या सोयीने तेव्हा सगळ्यांचे गणित जमले;
तुमच्या तारखेत मात्र कुणाची लबाडी नाही, राव,
पेढे वाटायच्या दिवशीच ताळेबंद म्हणतो, 'धाव!'

दोष कुणाला द्यावा याचा? चाळली जुनी पाने,
कट रचला हा, कळले, तिकडे इंग्रज सरकाराने;
१८६७ साली ठरले, वर्ष मार्चला संपणार,
तेव्हाच ठरले, मिलिंदराव केक उशिरा कापणार!

पण एकतीस मार्च म्हणजे काही नुसती बिलांची रास नाही,
१८६५ च्या पानावरची नोंद वाचा, काही कमी खास नाही :
आनंदीबाई जोशी जन्मल्या, सातासमुद्रापार गेल्या,
फिलाडेल्फियाची पदवी घेऊन डॉक्टर होऊन आल्या.
तारीख एकच, जिद्दही तीच (म्हणजे थोडी कमीजास्त),
त्यांच्या हाती स्टेथोस्कोप आला, तुमच्या हाती व्हाउचर मस्त!

कानामागे पेन्सिल आणि चष्मा नाकाच्या टोकावर,
बिल आमचे धरले जाते खिडकीच्या उजेडावर;
थर्मल कागद, शाई उडाली, उरली नुसती पुसट खूण,
तरी म्हणता, 'टोल दिसतो. तळेगाव. संध्याकाळ. जून.'

'सपोर्टिंग कुठाय?' हा प्रश्न तुमचा, ऐकून दचकते टेबल,
रिक्षाच्या मीटरला बिचाऱ्या कुठून आणू लेबल?
(सेल्सचा सुहास सांगतो, स्वप्नातही तुम्ही दिसता,
पाणीपुरीच्या गाडीवर जीएसटी नंबर पुसता!)

सतरा रुपये सत्तर पैसे, बँकेचा ताळा अडला,
आम्ही म्हटले, 'खिशातले घ्या', तर चेहराच तुमचा पडला;
'पैसे नकोत, कारण हवे!' म्हणत बसलात ठाण मांडून,
निघाले पंधरा रुपये चार्ज, वर अठरा टक्के बसले दडून!

१ जुलै २०१७ ला जेव्हा जीएसटी उगवला,
तुम्हीच साऱ्या ऑफिसला तो फळ्यावर शिकवला;
आम्ही म्हटले, 'सोपा आहे,' तुम्ही हसून गप्प बसला,
त्या हसण्याचा अर्थ आम्हांला पहिल्या रिटर्नला दिसला.

इतरांच्या कॅलेंडरवर चतुर्थी, एकादशी,
तुमच्या कॅलेंडरवर तिथी वेगळ्याच, सांगू कशी?
सातला टीडीएस येतो, अकराला 'वन'चा वार,
पंधराला पीएफ, ईएसआय, वीसला 'थ्रीबी' दारात तयार!

आणि पोर्टल? ते तर देवच! गर्दी झाली की कोपते,
रात्री अकराला गोल फिरत फिरत तेच आधी झोपते;
तुम्ही मात्र शांत, म्हणता, 'रिफ्रेश करू, काय घाई?'
(चहाचे तेवढे विचारू नका, त्याचे व्हाउचर नाही.)

(आतली उजवी बाजू)

पण एक नोंद लेजरमध्ये तुम्ही कधीच करत नाही,
कुणाकुणाला सांभाळून घेतले, त्याची नाही वही;
नव्या पोराला फॉर्म सोळा वाटतो संस्कृतचा पेपर,
तुम्ही सोपा करून सांगता, पुढ्यात घेऊन खारी-बटर.

'जुनी रिजीम की नवी रिजीम?' सगळ्यांचा एकच धावा,
तुम्ही म्हणता, 'एचआरए, एटी-सी... आधी आकडा तर दावा!'
डब्यातली ती शेंगदाणा-लसूण चटणी फिरते टेबलभर,
तिला नाही ऑडिट कसले, ना लिमिट, ना वरती कर.

आता घ्या ही जर्नल एन्ट्री, टॅलीत नसली तरी चालेल,
जमा-नावे उलटे झाले, तर ऑडिटर काय ते बोलेल :
तुमच्या खाती जमा होवोत गाढ झोप आणि रविवार,
सिंहगडावर पिठलं-भाकरी, वर दही मडक्यातले गार;

नावे टाका सगळे एरर, पासवर्डची ती कटकट,
ओटीपी न येण्याची धास्ती, प्रिंटरची खटपट;
घसारा फक्त खुर्चीला लागो, उत्साहाला लागू नये,
सस्पेन्स खात्यात आनंदाची एकही पै राहू नये!

आणि पुढच्या मार्चमध्ये, एवढेच आमचे मागणे,
सगळे एका फटक्यात जुळो, टळो रात्रीचे जागणे.

(मागची बाजू. जागा कमी, माणसे जास्त, म्हणून प्रत्येक विभागाला दोनच ओळी ठरल्या होत्या. आयटीने ऐकले नाही.)

परचेस :
तीन कोटेशन मागवली शुभेच्छांसाठी आम्ही,
सर्वात कमी दर फुकट होता, प्रेमाची मात्र हमी!

स्टोअर्स :
स्टॉक मोजला, हसू शिल्लक, खोके भरून ठेवले,
फिफोप्रमाणे आधी जुने, मग ताजे पाठवले.

आयटी :
'बंद करून चालू करा,' हा आमचा एकच मंत्र,
आज तुम्हीही बंद ठेवा ते टॅलीचे यंत्र;
पाचच मिनिटे! बॅकअप आहे, घाबरू नका, राव,
पेनड्राइव्हवर लिहिले आहे चक्क तुमचेच नाव.

सेल्स (सुहास) :
टार्गेट माझे झाले पूर्ण, बिले देतो उद्या,
(हो, उद्या एप्रिल लागतो... आजच देतो, राहू द्या!)

कँटीनच्या मावशी (यांनी सांगितले, आम्ही लिहून घेतले) :
पोरांनो, कविता पुरे झाली, चहा होतोय गार,
दादांच्या कपात आलं जास्त, तुकडे घातलेत चार!

वाढदिवसाच्या मनःपूर्वक शुभेच्छा, मिलिंदराव! चार वाजता कॉन्फरन्स रूममध्ये यावे. लॅपटॉप आणलात तर दाराशीच जप्त होईल, पेन्सिल मात्र चालेल.

आपले,
पहिला मजला (आणि तळमजल्यावरचे स्टोअर्सही)

ता. क. : केकचे बिल सोबत जोडले आहे. थर्मल कागद होता, म्हणून झेरॉक्सही काढली आहे. बेकरीचा जीएसटी नंबर उजव्या कोपऱ्यात आहे, पेन्सिलीने गोल केला आहे. वर्गणीतून पन्नास रुपये उरलेत. ते कोणत्या खात्यात टाकायचे, ते केक कापायच्या आधी सांगावे, कारण नंतर त्यांचे वडापाव येणार आहेत.